उलट्या, फुगलेलं पोट आणि प्लेटवरच्या आडव्या रेषा: कॅज्युअल्टीतले पहिले काही तास

हा लेख मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत सर्जरीच्या पोस्टिंगला नव्याने आलेल्या इंटर्न आणि हाउसमनसाठी आहे. पोट फुगलंय, उलट्या थांबत नाहीत, आणि उभ्याने काढलेल्या पोटाच्या एक्स-रेवर फुगलेली आतडी व हवा-पाण्याच्या आडव्या रेषा दिसताहेत, हे चित्र पहिल्या महिन्यातच तुमच्यासमोर येईल. रेषा ओळखायला दोन दिवसांत जमतं. चुकतं ते त्यापुढे. आतडं अडलंय का, याचा बऱ्यापैकी अंदाज एक्स-रे देतो. अडलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटत चाललाय का, हे मात्र साधा एक्स-रे सहसा सांगत नाही. त्याचं उत्तर पोटावरचा हात, जांघेची तपासणी आणि घड्याळ यांतून मिळतं.

शिकण्यापुरती एक रुग्ण डोळ्यांसमोर ठेवू. लालबागच्या चाळीतल्या बासष्ट वर्षांच्या आजी, वजन साधारण ५० किलो. दोन दिवसांपासून पोटात कळा येऊन जाताहेत. आधी पिवळ्या-हिरव्या उलट्या झाल्या, आज संध्याकाळपासून त्या तपकिरी आणि वास मारणाऱ्या आहेत. गल्लीतल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं होतं, त्याने तासभर बरं वाटलं. रात्री दीडच्या सुमाराला मुलगा त्यांना टॅक्सीतून घेऊन आला आहे. नाडी ११२, रक्तदाब १०० वर ७०, जीभ कोरडी. आजवर पोटाचं एकही ऑपरेशन नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

आधी विचारायचं, मग प्लेट

एक्स-रेचा कागद भरण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. उलटीचा रंग काय आणि ती कधी सुरू झाली? अडथळा जठराच्या जवळ असेल तर उलट्या लवकर आणि भरपूर होतात, पोट फारसं फुगत नाही. अडथळा लहान आतड्याच्या शेवटाकडे असेल तर आधी पोट फुगतं, उलटी उशिरा येते, आणि आत साचून कुजलेलं पाणी बाहेर पडू लागलं की तिला विष्ठेसारखा वास येतो. दुसरा प्रश्न, वारा सरतोय का? नुसतं ‘संडास झाली का’ विचारू नका. अडथळ्याच्या पुढे मोठ्या आतड्यात आधीच असलेला मळ नंतरही एक-दोनदा बाहेर पडतो, आणि नातेवाईक मोकळेपणाने सांगतात, ‘सकाळी झाली की थोडी.’ वारा किती तासांपासून बंद आहे, हे जास्त उपयोगी पडतं. तिसरा, कळ येते-जाते की आता सतत दुखतंय? चौथा, पूर्वी पोटाचं कोणतंही ऑपरेशन, अगदी सिझेरियन किंवा अपेंडिक्सचंसुद्धा?

आपल्याकडे आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: गेल्या काही महिन्यांत वजन उतरलंय का, संध्याकाळचा बारीक ताप येतो का, जेवल्यावर पोटात ‘गोळा फिरतो’ का? हा गोळा म्हणजे अरुंद झालेल्या जागेतून अन्न पुढे ढकलण्यासाठी आतड्याने केलेली धडपड. ही तक्रार रुग्ण स्वतःहून सांगतात, आपण ती गॅस म्हणून सोडून देतो. पोटाच्या टीबीने लहान आतड्याच्या शेवटी आणि सीकमच्या जोडावर आलेलं आकुंचन मुंबईच्या वॉर्डात अजूनही दिसतं, आणि त्याचा पहिला धागा बऱ्याचदा याच उत्तरात सापडतो.

बाळंतपणाच्या वयातल्या बाईची पाळी विचारून, गरज वाटल्यास लघवीची गर्भतपासणी करून, मगच एक्स-रेला पाठवा.

कोणती प्लेट मागायची

पोटाच्या दोन प्लेट्स मागा, एक पाठीवर झोपवून आणि एक उभ्याने. सोबत छातीचा उभ्याने काढलेला एक्स-रेही मागा. तिघांची कामं वेगळी आहेत. झोपवून काढलेल्या प्लेटवर हवा वर येऊन पसरते, त्यामुळे कोणतं आतडं किती फुगलंय हे तिथे उत्तम दिसतं. पण तिच्यावर आडव्या रेषा दिसत नाहीत. हवा आणि पाणी यांच्यातली सपाट कड दिसायला किरण जमिनीला समांतर जावा लागतो. म्हणून रेषांसाठी उभ्याची प्लेट. छातीची प्लेट मागायची ती पडद्याखाली मोकळी हवा आहे का, म्हणजे कुठे छिद्र पडलंय का, हे बघायला.

उभं राहणं जमत नसेल तर रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवून, किरण आडवा ठेवून प्लेट काढता येते. तिच्यावर रेषाही दिसतात आणि यकृताच्या कडेला मोकळी हवाही दिसते. व्हीलचेअरवर कलंडून बसलेल्या रुग्णाची किरण तिरका ठेवून काढलेली प्लेट ‘स्टँडिंग’ या नावाखाली आली तर तिच्यावर रेषा नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका. रात्री टेक्निशियनला फोन करून ‘किरण आडवा ठेवा’ एवढं सांगितलं तरी काम होतं. मोकळी हवा वर चढायलाही वेळ लागतो, तेव्हा जमत असेल तर प्लेटआधी रुग्णाला पाच-दहा मिनिटं ताठ बसवून ठेवा.

प्लेटच्या आधी एनिमा देऊ नका आणि गुदद्वाराची बोटाने तपासणीही प्लेटनंतरच करा. दोन्हींमुळे बाहेरची हवा रेक्टममध्ये जाते. मग ‘रेक्टममध्ये हवा आहे, म्हणजे पूर्ण अडथळा नाही’ असा खोटा दिलासा मिळतो.

प्लेट वाचायची ती अशी

आधी नाव, तारीख, वेळ आणि उजवी-डावी बाजू. मग झोपवून काढलेली प्लेट घ्या आणि फुगलेलं आतडं लहान की मोठं, हे ठरवा. लहान आतडं साधारण पोटाच्या मध्यभागी असतं आणि त्याच्या आतल्या घड्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आरपार, जवळजवळ दिसतात. मोठं आतडं कडेने चौकटीसारखं जातं. त्याच्या खाचा लांब-लांब असतात आणि सहसा अर्ध्यावरच थांबतात. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात या घड्या विरळ होतात, त्यामुळे तिथलं आतडं गुळगुळीत दिसून मोठ्या आतड्याशी गल्लत होऊ शकते. म्हणून घड्या आणि जागा दोन्ही बघायच्या.

मग मोजा. ३, ६, ९ हे आकडे पाठच करा. लहान आतडं ३ सेंटीमीटरहून, मोठं आतडं ६ सेंटीमीटरहून आणि सीकम ९ सेंटीमीटरहून रुंद असेल तर ते फुगलेलं समजायचं. संगणकाच्या पडद्यावर मोजपट्टी असते, ती वापरा. मोबाइलवर आलेल्या फोटोत मात्र सेंटीमीटर मोजता येत नाहीत. तिथे कमरेच्या मणक्याच्या उंचीशी ढोबळ तुलना करून अंदाज घ्यायचा, आणि निर्णयाआधी मूळ प्लेट बघायचीच.

आता उभ्याची प्लेट. जठरात एक रेष असणं नेहमीचं आहे. ड्युओडेनमच्या सुरुवातीला आणि लहान आतड्याच्या शेवटाजवळही एखादी छोटी रेष निरोगी माणसात दिसते. लक्ष वेधायला हवं ते तीनपेक्षा जास्त रेषांनी, त्या अडीच सेंटीमीटरहून रुंद असतील तर, आणि एकाच वेढ्याच्या दोन बाजूंना त्या वेगवेगळ्या उंचीवर असतील तर. अशा रेषा एकाखाली एक तिरक्या रांगेत आल्या की जिन्याच्या पायऱ्यांसारखं चित्र तयार होतं. ते दिसलं की लहान आतड्याच्या अडथळ्याचा संशय पक्का धरून पुढे चला.

या रेषा येतात कुठून, हे समजलं की उपचारही समजतो. खाल्लं-प्यायलेलं आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा व आतड्याचा रस मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी लहान आतड्यात उतरतं. त्यातलं बहुतेक परत शोषलं जातं. आतडं अडलं की मागे पाणी साचतं, गिळलेली हवा त्यावर तरंगते, भिंत ताणली जाते आणि ताणलेली भिंत शोषणं सोडून उलट आणखी पाणी आत सोडू लागते. म्हणजे आजींचं पोट पाण्याने भरलंय आणि रक्तवाहिन्या मात्र रिकाम्या होत चालल्या आहेत. कोरडी जीभ आणि ११२ ची नाडी त्यातूनच आलेली आहे.

आजींच्या प्लेटवर मध्यभागी चार सेंटीमीटर रुंदीचे वेढे आहेत, घड्या आरपार आहेत, उभ्याच्या प्लेटवर सहा रुंद रेषा आहेत. मोठ्या आतड्यात जेमतेम हवा, रेक्टममध्ये नाहीच. पडद्याखाली मोकळी हवा नाही. लहान आतड्याचा अडथळा, बराच खालच्या भागात.

रेषा आहेत पण अडथळा नाही, आणि अडथळा आहे पण रेषा नाहीत

पावसाळ्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण रांगेने येतात. त्यांच्या प्लेटवरही भरपूर रेषा दिसू शकतात, कारण आतड्यात पाणी आहेच. फरक असा की तिथे आतडं फारसं फुगलेलं नसतं, हवा मोठ्या आतड्यातही असते आणि रुग्णाला पातळ जुलाब चालू असतात. आतडं नुसतं थंडावलं असेल, म्हणजे ऑपरेशननंतर, पोटॅशियम घसरल्यावर किंवा पोटात दुसरीकडे जंतुसंसर्ग असताना, तर लहान आणि मोठं दोन्ही फुगतात, हवा रेक्टमपर्यंत असते, कळा नसतात आणि स्टेथोस्कोप ठेवला तर पोट शांत असतं. अडथळ्याच्या सुरुवातीला मात्र कळेबरोबर गुडगुड वाढते. पोट नंतर शांत झालं तर ते बरं होण्याचं लक्षण मानू नका. थकलेलं किंवा मरायला टेकलेलं आतडंही शांत होतं.

उलट बाजू अधिक धोक्याची आहे. वेढे पाण्याने पूर्ण भरलेले असतील आणि हवा जवळजवळ नसेल तर प्लेट राखाडी, रिकामी दिसते. अशा प्लेटवर कधीकधी घड्यांमध्ये अडकलेले हवेचे बारीक थेंब एका ओळीत, मण्यांच्या माळेसारखे दिसतात. तेवढाच पुरावा असतो. अगदी वर, जठराजवळ अडथळा असेल तर उलटीवाटे सगळं निघून जातं आणि प्लेट जवळपास नॉर्मल येते. म्हणून लक्षणं अडथळ्याची आणि प्लेट साधी, अशा रुग्णाला घरी पाठवायचं नाही. त्याला सीटी लागते.

मोठं आतडं फुगलेलं असेल तर तो वेगळा विषय आहे. इथे एवढंच सांगतो की सीकम ९ सेंटीमीटरच्या पुढे गेलेला दिसला तर सीनियरला तेव्हाच उठवा, कारण तो फुटू शकतो.

परकराची नाडी

आता त्या लक्षात ठेवलेल्या वाक्याकडे. ऑपरेशनची खूण नसलेल्या पोटात आतडं का अडलं? खूण असती तर चिकटलेले पट्टे, म्हणजे अॅड्हिजन्स, हा पहिला संशय ठरला असता. खूण नाही, तेव्हा हर्निया, टीबी आणि गाठ यांचा विचार करायचा, आणि या तिघांतला हर्निया शोधायला दोन मिनिटं आणि हात पुरतो.

तरीही तो सुटतो. सुटण्याचं कारण साधं आहे. आजींनी साडी नेसलेली असते, परकराची नाडी कमरेला घट्ट असते, आपण नाडीच्या वरचं पोट दाबून बघतो आणि खाली बघायचा संकोच करतो. रुग्णही सांगत नाहीत. फेमोरल हर्नियाची गाठ कधी सुपारीएवढीच असते. ती दुखेलच असं नाही, आणि दुखत असलं तरी पोटातल्या कळांपुढे ते जाणवत नाही. वयस्क बायकांमध्ये अडथळ्याचं हे कारण नेहमी डोक्यात असावं.

पद्धत अशी ठेवा. पडदा ओढून घ्या, सिस्टरना जवळ बोलवा आणि आजींना आधी सांगा.

‘आजी, आतडं कुठे अडकलंय ते बघायला जांघेपर्यंत तपासावं लागेल. नाडी थोडी सैल करू का? सिस्टर इथेच आहेत.’

‘बघ बाबा. काय ते कर, पण ही मळमळ थांबव.’

दोन्ही जांघा एकाच वेळी उघड्या असू द्या, म्हणजे बाजूंची तुलना होते. इंग्वायनल हर्निया जघनाच्या हाडावरच्या उंचवट्याच्या वर आणि आतल्या बाजूला येतो, फेमोरल खाली आणि बाहेरच्या बाजूला. बेंबी बघा, बेंबीच्या वरची मधली रेष बघा. पुरुषांत वृषणाची पिशवी बघितल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असं लिहू नका. शेवटी गुदद्वाराची तपासणी करा: रेक्टम रिकामं आहे का, गाठ लागते का, बोटाला रक्त येतं का.

आजींच्या उजव्या जांघेत दोन सेंटीमीटरची घट्ट गाठ लागते. खोकल्यावर ती उसळत नाही, दाबल्यावर आत जात नाही, जरा दुखते. मुलाला विचारलं तर तो म्हणतो, ‘आई म्हणायची गाठ आहे म्हणून, पण दुखत नव्हती ना.’

ही गाठ जोर लावून आत ढकलू नका. फेमोरल हर्नियाचं तोंड अरुंद आणि कडक असतं, आतलं आतडं मेलेलं असू शकतं, आणि तुम्ही ते पोटात ढकललंत तर प्लेटवरचा अडथळा कदाचित सुटेल पण मेलेलं आतडं आत राहून फुटेल. अडकलेला फेमोरल हर्निया आणि वर आतड्याचा अडथळा, एवढं हाती लागलं की सीटीसाठी थांबायचं कारण उरत नाही. ऑपरेशनची तयारी करायची.

जांघेची तपासणी ‘नॉर्मल’ असेल तरी कागदावर लिहा, ‘दोन्ही जांघा उघडून पाहिल्या, गाठ नाही’. सकाळच्या राउंडला हाच प्रश्न आधी येतो, आणि लिहायचं आहे म्हटल्यावर बघितलं जातं.

पहिल्या तासातली कामं

तोंडाने काही नाही, पाण्याचा घोटही नाही. नातेवाइकांना हे कारणासह सांगा, नाहीतर प्रेमापोटी नारळपाणी पाजलं जातं.

राइल्स ट्यूब १६ नंबरची घ्या, बारीक ट्यूब लगेच बुजते. नाकाचं टोक, कानाची पाळी आणि छातीच्या हाडाचं खालचं टोक एवढी लांबी मोजून खूण करा. रुग्णाला बसवा, मान थोडी पुढे. आजींच्या ट्यूबमधून लगेच ८०० मिलिलिटर तपकिरी पाणी येतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा आराम दिसतो. ट्यूबला बूच लावून ठेवू नका. ती पिशवीला जोडून, खाली सोडून वाहती ठेवा आणि दर चार तासांनी सिरिंजने ओढून बघा. ट्यूबचं मोठं काम फुप्फुसं वाचवणं हे आहे. भरलेल्या जठराची एक उलटी श्वासनलिकेत गेली की रुग्ण आतड्याने नाही तर न्यूमोनियाने दगावतो.

शिरेतून रिंगर लॅक्टेट सुरू करा. हृदय आणि किडनी ठीक असतील तर आजींना पहिल्या तासात एक लिटरपर्यंत चालतं, पण ५०० मिलिलिटर गेल्यावर नाडी, रक्तदाब आणि फुप्फुसं पुन्हा तपासून पुढचं द्या. लघवीची नळी घाला. तासाला दर किलोमागे अर्धा मिलिलिटर लघवी, म्हणजे आजींसाठी २५ मिलिलिटर, हे गाठायचं आहे. ट्यूबमधून जेवढं बाहेर येतंय तेवढं वरून भरून द्यायचं, हे चार्टवर लिहून ठेवा.

रक्तात हिमोग्राम, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, रक्तगट, आणि शक्य असेल तर एबीजी व लॅक्टेट. उलट्यांतून ॲसिड गेलं की पोटॅशियम घसरतं, आणि घसरलेलं पोटॅशियम आतड्याला आणखी सुस्त करतं. आजींचं ३.० आलं. लघवी सुरू झाल्याची खात्री झाल्यावर पोटॅशियम क्लोराइडची एक अँप्यूल, १० मिलिलिटर म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट, ५०० मिलिलिटर सलाइनमध्ये नीट मिसळून दोन तासांत किंवा त्याहून हळू. हाताच्या शिरेतून तासाला १० च्या पुढे नाही. ती अँप्यूल सिरिंजने थेट शिरेत कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून द्यायची नाही. हृदय बंद पडतं.

वेदनाशामक द्या. ‘सर बघेपर्यंत इंजेक्शन नको, लक्षणं झाकतील’ ही जुनी समजूत आहे. दुखणं कमी झालेलं पोट उलट नीट तपासता येतं. जुलाबाचं औषध आणि मेटोक्लोप्रामाइड मात्र देऊ नका. पूर्ण अडलेल्या आतड्याला चाबूक मारून उपयोग नाही, ते फुटू शकतं.

सीनियरला फोन

रात्री तीन वाजता रजिस्ट्रारला ‘सर, एक ऑब्स्ट्रक्शन आहे’ एवढंच सांगितलं तर त्याला उठून सगळं पुन्हा विचारावं लागतं. असं सांगा: ‘सर, ६२ वर्षांच्या बाई, दोन दिवस कळा, आता विष्ठेसारख्या उलट्या, ३६ तास वारा बंद. पूर्वी ऑपरेशन नाही. नाडी ११२, रक्तदाब १०० वर ७०, ताप नाही. प्लेटवर लहान आतडं चार सेंटीमीटर, सहा रेषा, रेक्टममध्ये हवा नाही, मोकळी हवा नाही. उजव्या जांघेत आत न जाणारी दुखरी गाठ, फेमोरल वाटते. ट्यूब, कॅथेटर, सलाइन सुरू आहे, रक्त पाठवलंय.’ हे बोलायला अर्धा मिनिट लागतो आणि रजिस्ट्रार भूलतज्ज्ञांना फोन करतच खाली येतो.

आजींना पहाटे ऑपरेशनला घेतलं. अडकलेला वेढा काळपट होता. कोमट सलाइनच्या मॉप्समध्ये गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की रंग परततो का, आतडं हलतं का, मेसेंटरीत ठोके लागतात का, हे बघतात. आजींच्या वेढ्याचा बराच भाग लाल झाला, पण गळ्यापाशी आवळलेला पट्टा करडाच राहिला. तेवढा भाग कापून टोकं जोडावी लागली. प्लेटवर या करड्या पट्ट्याची काही खूण होती का? नव्हती. प्लेट अगदी साध्या अडथळ्याचीच होती.

खूण असलेलं पोट

आता समजा, दुसऱ्या रात्री भांडुपहून पस्तिशीचा माणूस तशाच प्लेटसह आलाय, पण त्याच्या पोटावर जुन्या ऑपरेशनचा उभा व्रण आहे. जांघा साफ आहेत. पोट मऊ आहे, कळा येतात-जातात, ताप नाही. इथे चिकटलेल्या पट्ट्यांची शक्यता मोठी, आणि असे बरेच अडथळे चाकूशिवाय सुटतात. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी करून घेतात, कारण अडथळा नेमका कुठे आहे, वेढा दोन्ही टोकांना अडकलाय का आणि भिंतीला रक्त पोचतंय का, हे ती दाखवते. रक्तपुरवठ्याला धोका दिसला नाही तर ट्यूब आणि सलाइनवर थांबता येतं, साधारण ७२ तासांपर्यंत.

थांबताना पाण्यात विरघळणारा कॉन्ट्रास्ट, म्हणजे गॅस्ट्रोग्राफिन, उपयोगी पडतो. जठर ट्यूबने काही तास रिकामं करून घेतल्यावर १०० मिलिलिटर ट्यूबमधून देतात, ट्यूब थोडा वेळ बंद ठेवतात आणि २४ तासांच्या आत पुन्हा साधी प्लेट काढतात. कॉन्ट्रास्ट मोठ्या आतड्यात पोचलेला दिसला तर अडथळा आपोआप सुटण्याची शक्यता चांगली असते. नाही पोचला तर ऑपरेशनचं बोलणं सुरू करायचं. हे औषध पाणी आतड्यात ओढून घेतं, म्हणून आधी सलाइन पुरेसं गेलेलं हवं. आणि भरलेल्या जठरात ते कधीही देऊ नये. उलटीतून फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं.

या काळात तुमचं काम दर चार तासांनी पोटावर हात ठेवणं हे आहे, शक्यतो त्याच माणसाचा हात. येणारी-जाणारी कळ सतत दुखण्यात बदलली, सलाइन पुरेसं जाऊनही नाडी वाढत राहिली, ताप आला, पोट एका जागी दाबल्यावर कडक होऊ लागलं, पांढऱ्या पेशी किंवा लॅक्टेट चढू लागलं, तर ७२ तासांचा हिशेब संपला. तेव्हा नवीन प्लेट काढायला पाठवण्यात तास घालवू नका, फोन करा. आणि यातलं एकही लक्षण नसलं तरी आतडं शाबूत असल्याची पूर्ण हमी नसते, म्हणून चार तासांची फेरी चुकवायची नाही. प्रत्येक वेळी वेळ घालून लिहा: दुखणं कसं, पोट कसं, नाडी किती, ट्यूबचं पाणी किती आणि कोणत्या रंगाचं, लघवी किती, वारा सरला का.

सुटत असलेला अडथळा कसा ओळखायचा, हेही नव्या माणसाला कोणी सांगत नाही. ट्यूबचं पाणी कमी होतं आणि तपकिरीकडून हिरवं, मग फिकं होत जातं. पोट सैल पडतं. रुग्ण स्वतःच सांगतो, ‘वारा सरला.’ मग ट्यूब काही तास बंद ठेवून बघा. मळमळ आली नाही, पोट पुन्हा फुगलं नाही तर ती काढा आणि घोट-घोट पाणी सुरू करा. घाईने त्याच संध्याकाळी पूर्ण जेवण देऊ नका. घरी पाठवताना कागदावर मराठीत लिहून द्या: पुन्हा उलट्या, पोट फुगणं आणि वारा बंद होणं एकत्र आलं तर ॲसिडिटीचं इंजेक्शन घेत थांबू नये, त्याच दिवशी कॅज्युअल्टीत यावं, आणि येताना हा कागद व जुन्या प्लेट्स सोबत आणाव्यात.